मागचा हुक कोण लावणार?

मे महिना जवळ आला की दागिन्यांच्या जाहिरातींत एक ठरावीक आई दिसायला लागते. वय जेमतेम पस्तीस, केस मोकळे सोडलेले, आणि चार वर्षांची लेक मागून तिच्या गळ्यात साखळी घालते आहे. पार्श्वभूमी गुलाबी, पदकाला हृदयाचा आकार, खाली त्याग आणि ममता. चित्र गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती लेक मोठी होऊन बंगळूरला किंवा टोरांटोला गेली की त्या साखळीचा मागचा हुक कोण लावणार?

इंदूरमधल्या छोट्या दागिन्यांच्या ब्रँडसाठी हा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांत आज आई साठी-सत्तरीची आणि मुलं पुण्यात, हैदराबादला, आखातात किंवा अमेरिकेत, हे चित्र किती सर्रास दिसतं! म्हणजे पैसे देणारा एका गावी, दागिना घालणारी दुसऱ्या गावी, आणि मधे एक कुरियरवाला. मातृदिनाची मोहीम आखताना माझ्या मते सुरुवात त्या आईच्या हातापासून करावी. घोषवाक्य नंतर सुचतं, आणि बहुधा त्याची गरजही उरत नाही.

हात म्हणजे अक्षरशः हात. साठीनंतर बोटांचे सांधे आखडतात, जवळचं दिसत नाही. बाजारात तयार मिळणाऱ्या साखळीला मागे जो गोल स्प्रिंगचा हुक असतो तो पाच-सहा मिलिमीटरचा. त्याची नखाएवढी कळ दाबून धरायची, दुसऱ्या हाताने कडी त्यात अडकवायची, आणि हे सगळं मानेमागे, न बघता. घरात कोणी असेल तर हाक मारता येते. एकटी राहणारी बाई दोनदा प्रयत्न करते आणि साखळी डब्यात ठेवून देते. मुलाला फोनवर सांगते, 'छान आहे रे, सणाला घालीन.' असा दागिना परत येत नाही, त्याची तक्रारही येत नाही, म्हणून दुकानदाराला कधी कळतच नाही की तो एकदाही गळ्यात पडलेला नाही.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे हुक उघडावाच लागणार नाही एवढी लांब साखळी. बाईच्या डोक्याचा घेर साधारण ५५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २२ इंच असतो. २४ इंची साखळी डोक्यावरून जाते खरी, पण अंबाडा असला की अडते आणि केस ओढते. २६ इंच घेतली तर सरळ उतरते. इथे एक अडचण मात्र आहे, आणि ती मराठी घरात हमखास येते. आई मंगळसूत्र घालत असेल आणि तेही तेवढ्याच लांबीचं असेल, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि दिवसभर पदराशी झटापट चालते. अशा वेळी दुसरा प्रकार हवा. साखळी १८ इंची, पण तिचा जोड पुढे. टॉगल म्हणतात ती रचना यासाठी चांगली. एका बाजूला बारा मिलिमीटरची कडी, दुसऱ्या बाजूला आडवी दांडी, दांडी उभी धरून एका टोकाने कडीतून घालून सोडली की ती आडवी बसते, झालं. पदक त्या कडीलाच लटकवायचं, म्हणजे जोड हाच दागिन्याचा दर्शनी भाग होतो, आणि आरशात बघून लावता येतो.

चुंबकाचा हुक लोकांना फार आवडतो, कारण तो आपोआप चिकटतो. या मोहिमेत तो नकोच. एक तर पदक जड असेल तर तो झटक्यात सुटतो. दुसरं म्हणजे ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चुंबक छातीपासून दूर ठेवायचा असतो, आणि लांब साखळीचा उघडा हुक नेमका तिथेच येतो. सत्तरीच्या बाईसाठी परगावाहून मागवणारा मुलगा हे लक्षात ठेवेलच असं नाही. ते दुकानाने ठेवायचं.

काळ्या मण्यांचंही तसंच. काळे मणी आणि चांदी ही जोडी सध्या दिसते सुंदर, पण ऑर्डर देणाऱ्या मुलीचे वडील आहेत की नाहीत, हे आपल्याला माहीत नसतं. विचारायचंही नसतं. कोणी घालावं, कोणी घालू नये, हा वाद दुकानाने सोडवायचा नाही, पण पार्सल उघडताना एखाद्या बाईला अवघडल्यासारखं होऊ नये एवढं तर बघता येतं. या एका मोहिमेत काळे मणी बाजूला ठेवले तर काही बिघडत नाही.

बांगडी द्यावी की नाही? दुरून मागवायची असेल तर शक्यतो नाही. मापाचा घोळ फार मोठा आहे. आपल्याकडे बांगडीचं माप २.४, २.६, २.८ असं सांगतात, आणि परदेशात वाढलेला जावई किंवा सून ते दशांश समजून वाचते. ते दशांश नाहीत. २.६ म्हणजे दोन इंच आणि वर सहा आणे, म्हणजे सोळाव्या हिश्शाचे सहा. आतला व्यास २.३७५ इंच, जवळपास ६०.३ मिलिमीटर. कोणी खरोखरच २.६ इंच मोजून सांगितलं तर ते ६६ मिलिमीटर होतं, आणि हातात पडते ती २.१०ची बांगडी, दोन मापं मोठी. संकेतस्थळावर बांगडी ठेवायचीच असेल तर माप मिलिमीटरमध्ये लिहा. माप काढायचा साधा मार्ग असा. घरातल्या कोणाला तरी, भावाला किंवा शेजारच्या काकूंना, आईची रोजची बांगडी टेबलावर ठेवून शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगा, आणि बरोबर वरून फोटो काढायला सांगा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून बांगडीचा आतला व्यास काढता येतो. फोटो तिरका असेल तर माप चुकतं, म्हणून फोटोतलं नाणं अगदी गोल दिसतंय का ते आधी बघायचं. अंगठीच्या वाटेला जाऊच नये. उन्हाळ्यात बोटं सुजतात आणि मे महिन्यात इंदूर चाळीस अंशांच्या वर असतं.

आता समजा सराफ्याच्या मागच्या गल्लीत तीन कारागिरांचा एक चांदीचा ब्रँड आहे, आणि त्यांनी साठ नग करायचं ठरवलं. सगळे एकाच घडणीचे. साधं गोल पदक, १८ मिलिमीटरचं, आणि साखळी दोन प्रकारांत, २६ इंची किंवा पुढच्या जोडाची १८ इंची. पदक आणि साखळी मिळून सरासरी नऊ ग्रॅम धरले तर साठ नगांना ५४० ग्रॅम माल लागतो. कापणं, घासणं, उजळणं यातली घट पाच टक्के धरून ५७० ग्रॅमची तयारी ठेवावी. ९२५ची चांदी म्हणजे यात शुद्ध चांदी ५२७ ग्रॅम आणि उरलेलं तांबं. घटीतली बरीच चांदी भुशातून परत मिळते, पण ती मोहिमेच्या आत मिळत नाही, हे विसरू नये.

ही चांदी एकदम घ्यायची. चांदीचा भाव रोज हलतो, आणि तीन आठवडे चालणाऱ्या मोहिमेत किंमत मधेच बदलली तर पहिल्या दिवशी घेणारा आणि शेवटच्या दिवशी घेणारा, दोघेही नाराज होतात. परगावचं गिऱ्हाईक तर भावंडांना विचारून, पगार झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी परत येतं. साठ नगांचा माल हातात असला की किंमत मोहीम संपेपर्यंत गोठवता येते. साठाच्या पुढे ऑर्डर आल्या तर नवीन भावाने, आणि तसं आधीच लिहून टाकायचं.

कारागिरांचा वेळ हा दुसरा हिशेब. मातृदिन मे महिन्याचा दुसरा रविवार, अक्षय्य तृतीया तिथीने, त्यामुळे दोघांतलं अंतर दरवर्षी वेगळं. २०२४ मध्ये अक्षय्य तृतीया १० मेला आणि मातृदिन १२ मेला होता. अशा वर्षी सराफ्यात एकही हात मोकळा नसतो, आणि नावं कोरायची मोहीम काढणं म्हणजे कबूल करून न पाळणं. २०२६ मध्ये अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आणि मातृदिन १० मेला. मधे तीन आठवडे. हेच वर्ष उदाहरणाला घेऊ.

पदकावर काय कोरायचं, इथे बहुतेक मोहिमा घसरतात. 'आई', 'माझी माउली', 'मॉम' हे तयार पर्याय ठेवले की गिऱ्हाईक त्यातलंच एक निवडतं, कारण निवडणं सोपं असतं. मग साठ आयांच्या गळ्यात एकच शब्द. त्याऐवजी एक रिकामा चौकोन ठेवा आणि वर एकच प्रश्न लिहा: 'फोन ठेवताना ती शेवटी काय म्हणते?' उत्तरं येतात ती अशी: 'जेवलास का?', 'पोचलीस की सांग', 'चल, ठेवते', 'पैसे आहेत ना'. इंदूरची आई असेल तर त्यात एखादा हिंदी शब्दही मिसळलेला असतो, आणि तो तसाच राहू द्यावा, शुद्ध करायला जाऊ नये. दूर असलेल्याला हा प्रश्न लगेच कळतो, कारण त्याची आईशी गाठ मुख्यतः फोनवरच पडते. दुकानाने मात्र या उत्तरांची जाहिरात करू नये. 'जेवलास का?' छापील भित्तिपत्रकावर आलं की पुढच्या वर्षी तेही 'मॉम'च्या ओळीत जाऊन बसतं.

त्या चौकोनाची एक तांत्रिक गंमत आहे, आणि ती न कळल्यामुळे बऱ्याच ऑर्डरी अर्ध्यावर सुटतात. फॉर्ममध्ये दहा अक्षरांची मर्यादा घातली तर तो काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजतो. 'जेवलास का?' यात डोळ्यांना पाच अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह दिसतं. फॉर्मच्या हिशेबाने ते बरोबर दहा होतात. 'पोचलीस की सांग' लिहिणाऱ्याला फॉर्म मधेच अडवतो आणि कारणही धड सांगत नाही. मर्यादा पंचवीसची ठेवा, आणि पदकावर किती मावतं ते माणसाने बघावं. १८ मिलिमीटरच्या पदकावर दोन ओळींत सात-आठ अक्षरं नीट बसतात. अक्षराची उंची, वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत, तीन मिलिमीटरच्या खाली गेली की अनुस्वार आणि ओरखडा यांतला फरक कळत नाही.

लेझरवाल्याकडे गेल्यावर पुढची अडचण. त्याच्या मशिनवर बहुधा जुने हिंदी फॉन्ट असतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर त्यात टाकला की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर सुटतं. हे तरी डोळ्यांना खटकतं. न खटकणारी चूक म्हणजे 'ल' आणि 'श'. हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल वेगळे दिसतात. इंदूरच्या कारागिराला त्यात काही चुकल्यासारखं वाटणार नाही, पण ज्या बाईने आयुष्यभर मराठी वळणाचा ल गिरवला तिला ते अक्षर परकं वाटेल. म्हणून मजकूर आपणच मराठी वळणाच्या फॉन्टमध्ये टाइप करायचा, त्याची आउटलाइन करून घ्यायची म्हणजे ती अक्षरं न राहता रेघा होतात, आणि ती फाइल लेझरवाल्याला द्यायची. त्याआधी कागदावर खऱ्या मापात छापून गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचा. पडद्यावर मोठं करून दाखवलेलं चित्र कोणालाही सुंदरच दिसतं. मंजुरी आल्याशिवाय कोरायचं नाही, आणि मंजुरी लेखी घ्यायची, फोनवर नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून होणारे वाद नंतर फार लांबतात.

पदकाबरोबरच्या कार्डावर आधीच काही छापू नये. मुलाने फोनवर लिहून पाठवलेला मजकूर निदान चौदा पॉइंटात, काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर छापावा. मोतिया रंगावर सोनेरी अक्षरं दुकानाच्या दिव्याखाली छान दिसतात, पण साठीच्या डोळ्यांना ती वाचता येत नाहीत. चौकटीचा कोड स्कॅन करून मुलाचा आवाज ऐका, असलाही प्रकार काही जण करतात. आवाज कुठल्या तरी भाड्याच्या जागेवर साठवलेला असतो, वर्षभरात भाडं थकतं आणि कोड मुका होतो. मुलाला आवाज पाठवायचाच असेल तर तो थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल की.

आता तारखा. रविवारी बऱ्याच ठिकाणी कुरियर वाटप होत नाही. म्हणून १० मेची ऑर्डर शुक्रवारी ८ तारखेला दारात पोचेल असा हिशेब धरायचा, शनिवार हाताशी राखून. इंदूरमधल्या इंदूरमध्ये एक दिवस पुरतो. पुण्या-मुंबईला तीन-चार दिवस धरा. म्हणजे बाहेरगावचं शेवटचं पार्सल सोमवारी ४ मेला निघालं पाहिजे. त्याआधी कोरणं, उजळणं, मंजुरीची वाट बघणं यांना पाच दिवस लागतात, आणि मधे १ मेची सुट्टी येते. हे उलटं मोजत गेलं की कोरलेल्या पदकाची शेवटची तारीख २८ एप्रिल, मंगळवार येते. साध्या पदकाला आणखी चार-पाच दिवस देता येतात. मोहीम २० एप्रिलला सुरू केली तर कोरण्यासाठी ऑर्डर घ्यायला जेमतेम नऊ दिवस मिळतात. कमी वाटतात, पण साठ नगांना पुरतात.

शेवटची वेळ लिहिताना 'रात्री १२ वाजेपर्यंत' कधीही लिहू नका. कुठल्या गावचे बारा? आणि २८च्या आधीचे की नंतरचे? '२८ एप्रिल, भारतात रात्री ९' असं लिहा, आणि पुढे जिथे गिऱ्हाईक आहे तिथली वेळ द्या: दुबईत साडेसात, लंडनला दुपारी साडेचार, न्यूयॉर्कला सकाळी साडेअकरा, सिडनीत २९ तारीख उजाडून मध्यरात्रीनंतरचा दीड. लंडनच्या मंडळींची आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधला मातृदिन, मदरिंग संडे, बहुधा मार्चमध्ये असतो, २०२६ साली तो १५ मार्चला होता. तिथल्या मुलाने मार्चभर जाहिराती बघितलेल्या असतात आणि त्याच्या डोक्यात दिवस होऊन गेलेला असतो. त्याला मे महिन्याची आठवण वेगळी करून द्यावी लागते.

परदेशातून आलेली ऑर्डर म्हणजे निर्यात, असं समजून काही छोटे ब्रँड ती घेतच नाहीत. वस्तू देशाबाहेर जातच नसेल, इंदूरहून निघून इंदूरलाच पोचणार असेल, तर ती साधी देशातली विक्री आहे, नेहमीचा तीन टक्के जीएसटी लावून. अडचण असते ती पैसे घेण्यात. पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डं बहुधा बंद असतात, ती सुरू करायला अर्ज करावा लागतो आणि मंजुरीला दिवस जातात. हे मार्चमध्येच करून, परदेशातल्या ओळखीच्या कोणाकडून तरी एका रुपयाचा व्यवहार करून बघावा.

आणि मग ओटीपी. किमती पार्सल देताना कुरियरवाला ओटीपी मागतो. मुलाने आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून काहीच सांगितलेलं नसतं. भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येतो, 'मॅडम, एक नंबर आया होगा, बताइए.' गेली कित्येक वर्षं बँक, वर्तमानपत्र आणि स्वतः तो मुलगा, सगळ्यांनी तिला बजावलेलं असतं की ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. ती फोन ठेवून देते. दुसऱ्या दिवशी तेच. पार्सल परत! यात चूक आईची नाही, कुरियरवाल्याचीही नाही. ऑर्डर घेतानाच मुलाला विचारायचं: ओटीपी कोणाच्या नंबरवर जावा? तो मुलाच्या नंबरवर गेला तर न्यूयॉर्कला तेव्हा पहाट असते. सर्वांत बरं म्हणजे घरातल्या किंवा शेजारच्या तिसऱ्या माणसाचा नंबर, ज्याला माहीत आहे. तसं कोणी नसेल तर धक्क्याचा नाद सोडून आदल्या दिवशी आईला सांगून टाकावं, 'उद्या एक पार्सल येईल, नंबर सांग त्यांना.' तिला त्यानेही आनंदच होतो, आणि आदला दिवसही कारणी लागतो.

पत्ताही तपासून घ्यावा. घर सोडून पंधरा वर्षं झालेल्या मुलाला पत्ता आठवतो तो 'अन्नपूर्णा मंदिराच्या मागे, निळ्या फाटकाचं घर' असा. फाटकाचा रंग बदललेला असतो. पिन कोड आणि चालू फोन नंबर, या दोन गोष्टी पुन्हा विचारल्या तरी निम्मा त्रास वाचतो. पार्सलबरोबरचं बिल बंद पाकिटात घालावं आणि खरेदीदाराला वेगळी प्रत मेलवर द्यावी. डबीत आतलं पदक गरम गोंदाच्या थेंबाने चिकटवू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडतो, आणि आई डबी उघडते तेव्हा पदक कोपऱ्यात पडलेलं असतं. रबरबँड तर चांदीजवळ मुळीच नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आईपासून दूर असणं सगळ्यांचं भौगोलिक नसतं. कोणाची आई गेलेली असते. कोणाचं तिच्याशी बोलणं तुटलेलं असतं. कोणाला आत्याने वाढवलेलं असतं. एखादी बाई अशी असते की तिचं मूल राहिलेलं नसतं, आणि तिला हा सगळा महिनाच नको असतो. २०१९ मध्ये ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटनमधल्या फुलांच्या कंपनीने गिऱ्हाइकांना आधीच विचारलं होतं की मातृदिनाचे मेल तुम्हाला नको आहेत का. तेव्हापासून बऱ्याच ब्रँडांनी ही रीत उचलली. आपल्याकडे मेलपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणून तिथला निरोप असा असावा: 'पुढचे तीन आठवडे आमच्याकडून मातृदिनाचे निरोप येतील. यंदा ते नको असतील तर फक्त "नको" लिहून पाठवा. बाकीचे निरोप नेहमीसारखे येत राहतील.' सोबत दागिन्याचा फोटो नाही, सवलत नाही, फुलं नाहीत. मोहीम २०ला सुरू होत असेल तर हा निरोप १३ एप्रिलच्या सुमारास जावा. 'नको' आलं की उत्तरात 'बरं, नाही पाठवणार' एवढंच. 'ऐकून वाईट वाटलं' असं आपोआप जाणारं उत्तर लावलेलं असेल तर ते आधी काढा, कारण त्या माणसाने आपल्याला काहीच सांगितलेलं नसतं.

हे पाळायला वाटतं त्यापेक्षा कष्ट पडतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर मावतात, त्यामुळे हजारभर गिऱ्हाइकांच्या चार-पाच याद्या असतात आणि एकच नंबर कधी दोन याद्यांत असतो. 'नको' म्हणणाऱ्याला एका यादीतून काढलं आणि दुसरीतून निरोप गेला, तर न विचारलेलं बरं होतं असं वाटण्याची पाळी येते. प्रत्येक 'नको'ला लेबल लावायचं आणि निरोप पाठवण्यापूर्वी सगळ्या याद्या त्या लेबलशी ताडून बघायच्या. स्टेटसचं तर सगळे विसरतात. याद्यांमधून नाव काढलं तरी दुकानाने लावलेलं स्टेटस त्या माणसाला दिसतंच. तिथेही त्याला वगळता येतं, पण ते वेगळं करावं लागतं. इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट मात्र आपल्या हातात नाहीत, त्यामुळे 'तुम्हाला काहीच दिसणार नाही' असा शब्द देऊ नये.

आई गेलेल्या माणसाला या दिवसात काही विकावं का? 'आठवणीतल्या आईसाठी' असं वेगळं पदक काढणं मला तरी पटत नाही. पण अशा घरांत एक गोष्ट असते. डब्यात पडलेली आईची एकच कुडी, दुसरी कधीची हरवलेली. मोडलेल्या वाटीचं मंगळसूत्र, तुटलेला साखळीचा तुकडा. ते दुरुस्त करून देणं हे सराफाचं जुनं काम आहे, आणि ते या महिन्यात, सवलतीचा गाजावाजा न करता, एका ओळीने सांगता येतं: 'जुनं, मोडलेलं असेल तर आणा, बघून सांगतो.'

एकट्या मोत्याच्या कुडीचंच बघा. आणणाऱ्यासमोर ती वजन करायची, चारही बाजूंनी फोटो घ्यायचे, कुठला मोती पिवळा पडला आहे, कुठे चीर आहे ते चिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या करायच्या. मोत्याला आच आणि आम्ल दोन्ही चालत नाहीत, म्हणून झाळ लावायची वेळ आली तर तार सोडवून मोती आधी उतरवायचे, काम झाल्यावर पुन्हा त्याच क्रमाने ओवायचे. कुडीचं पदक करायचं असेल तर मागचा फिरकीचा दांडा कापायचा मोह होतो, कारण ते पटकन होतं. कापू नये. मागे एक पातळ चौकट करून दांडा तिच्यात फिरकीने बसवावा. उद्या दुसरी कुडी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली तर ही पुन्हा कानात घालता येते. आणि उजाळा किती द्यायचा ते विचारल्याशिवाय यंत्राला लावू नये. चाळीस वर्षं घालून घालून गोल झालेली कड एका मिनिटात नवी करकरीत होते, आणि मग ती वस्तू आईची राहत नाही. या कामाला मातृदिनाची तारीख लावायची नाही. होईल तेव्हा होईल.

उरली अदलाबदल. भेट दिलेल्या दागिन्याची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून नव्हे, आईच्या हाती पडल्यापासून मोजावी, आणि निदान महिनाभर द्यावी. इंदूरची आई पार्सल घेऊन स्वतः सराफ्यात येते. आधी विचारते, 'वजन किती आहे हो याचं?' मग म्हणते, 'कशाला एवढा खर्च केला त्याने', आणि साखळी बदलून नातीसाठी पैंजण मागते. कोरलेलं पदक बदलून मिळणार नाही, हे मुलाला आधीच सांगितलेलं असावं. साधं असेल तर बदलून द्यावं. पैंजण स्वस्त पडले तर वरचे पैसे मुलाच्या कार्डावर परत पाठवायची यंत्रणा बहुतेक दुकानांत आपोआप चालते, आणि मग मुलाला निरोप जातो की तुमची भेट परत झाली. ती या महिन्यापुरती बंद करा. उरलेले पैसे आईच्या नावावर जमा ठेवा आणि तिला तशी चिठ्ठी द्या. मुलाला काय सांगायचं ते ती बघेल.